पेटीच्या भावामागचे दोन त्रिकोण

मे महिन्याचा पहिला आठवडा. राजापूरच्या पुढे मुंबई–गोवा हायवेच्या एका फाट्यावर माझा चुलतभाऊ हापूसच्या पेट्या मांडून बसतो. सुट्टीत गावी गेलो की दोन-चार दुपारी मीही त्याच्या ताडपत्रीखाली जाऊन बसतो. त्या दिवशी एक गाडी थांबली. बाईंनी दोन आंबे नाकाशी नेऊन पाहिले, थोडी घासाघीस केली आणि दोन हजारांना चार डझनांची पेटी घेतली. गाडीकडे वळताना त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "पुण्यात हीच पेटी अडीच हजारांना घेतली असती." गाडी वळणाआड गेल्यावर भाऊ मला म्हणाला, "अजून दहा मिनिटं ताणलं असतं ना, तर मी बाराशेलाही दिली असती."

म्हणजे पेटी एक, भाव एक, आणि खूश दोघंही. बाईंच्या मनातला आकडा अडीच हजार होता, भावाच्या मनातला बाराशे. दोघांनी आपापला आकडा झाकून ठेवला आणि सौदा मध्ये कुठेतरी दोन हजारांवर ठरला. बाईंना पाचशेचा फायदा झाला, भावाला आठशेचा. हे तेराशे रुपये कुठल्याच पावतीवर लिहिलेले नसतात, पण आहेत ते खरे. अर्थशास्त्रात बाईंच्या पाचशेला उपभोक्त्याचं आधिक्य म्हणतात. जुन्या क्रमिक पुस्तकांत याला 'संतोषाधिक्य' असा भारदस्त शब्द आहे, आणि तो ऐकूनच अर्धा वर्ग झोपतो. भावाच्या आठशेला उत्पादकाचं आधिक्य म्हणतात. मी कॉलेजात हाच विषय शिकवतो आणि दरवर्षी मुलं आलेखावर या आधिक्यांचे त्रिकोण अचूक काढतात. फक्त त्या त्रिकोणात नेमकं काय भरलंय ते त्यांना सांगता येत नाही. म्हणून त्रिकोण जरा बाजूला ठेवू आणि पेट्यांपासूनच सुरुवात करू. पुढचे आकडे समजावण्यासाठी मी सोयीचे धरले आहेत, बाजाराचा रोजचा भाव म्हणून ते वाचू नका.

समजा त्या दुपारी फाट्यावर पाच गिऱ्हाइकं आली आणि प्रत्येकाला एकच पेटी हवी आहे. परतीच्या वाटेवरचा चाकरमानी शेजाऱ्यापाजाऱ्यांना आंबे द्यायचे म्हणून २८०० पर्यंत जाईल. पुण्याचं एक कुटुंब २६०० पर्यंत, कोल्हापूरचे एक मास्तर २३०० पर्यंत, जवळच्या खानावळीची मालकीण २००० पर्यंत. पाचवा गडी गावातलाच. त्याला घरी आंबा येतोच, त्यामुळे तो १७०० च्या वर एक रुपया देणार नाही. आता कागदावर आडव्या रेघेवर पेट्या मोजा, उभ्या रेघेवर रुपये. पहिल्या पेटीवर २८०० उंचीचा खांब उभा करा, त्याला चिकटून २६०० चा, मग २३००, २०००, १७००. डावीकडून उजवीकडे उतरणारा जिना तयार होतो. मागणी वक्र म्हणतात तो हाच. आडव्या अंगाने वाचला तर तो सांगतो की या भावाला किती पेट्या खपतील. पण आपल्याला तो उभा वाचायचा आहे: ही अमुक पेटी घेणारा जास्तीत जास्त किती देईल? आधिक्याचं सगळं गणित या उभ्या वाचनावर चालतं.

विकणाऱ्यांचाही असाच जिना होतो, पण चढता. त्याला पुरवठा वक्र म्हणतात. फाट्यावर पाच बागायतदार आहेत, प्रत्येकाकडे एक पेटी. पहिल्याची कलमं रस्त्याला लागून आहेत, त्याला ९०० मिळाले तरी चालतं. दुसरा म्हणजे माझा भाऊ, १२००. तिसऱ्याची बाग वर सड्यावर आहे, क्रेट डोक्यावरून खाली आणावे लागतात, त्याचा आकडा १६००. चौथ्याचा २०००, पाचव्याचा २३००.

इथे एक गोष्ट सावकाश पाहण्यासारखी आहे. "याखाली देणार नाही" हा आकडा येतो कुठून? तोडणीची मजुरी, लाकडी पेटी, पेंढा, टेम्पोचं भाडं हे तर त्यात आलंच. पण तेवढंच नाही. चौथ्या बागायतदाराचा सगळा खर्च कदाचित अकराशेच असेल, पण त्याचा वाशीचा दलाल जुना आणि भरवशाचा आहे. आडत, हमाली, भाडं वजा जाऊन तिथे त्याच्या हाती पेटीमागे दोन हजार पडतात. मग फाट्यावर तो एकोणीसशेला कशाला देईल? म्हणजे पुरवठा वक्राची उंची ठरवताना खर्चाबरोबर हातातून सुटणारी दुसरी संधीही मोजावी लागते. बागायतदार दोन्ही मिळून एकाच वाक्यात सांगतो: "परवडत नाय."

आता दोन्ही जिने एकाच कागदावर ठेवा. चौथ्या पायरीवर ते २००० ला भेटतात. पाचवं गिऱ्हाईक १७०० देणार आणि पाचवा विकणारा २३०० मागणार, त्यांचं जमणं शक्य नाही. म्हणून चार पेट्या विकल्या जातात आणि भाव २००० राहतो. या भावातून एक आडवी रेघ ओढा. रेघेच्या वर आणि मागणीच्या जिन्याखाली जी जागा उरते ती गिऱ्हाइकांची: ८००, ६००, ३०० आणि शून्य, म्हणजे १७०० रुपये. रेघेच्या खाली आणि पुरवठ्याच्या जिन्यावर जी जागा उरते ती विकणाऱ्यांची: ११००, ८००, ४०० आणि शून्य, म्हणजे २३०० रुपये. चौथ्या जोडीला दोन्हीकडे शून्य आलंय. खानावळवालीने पेटी घेतली काय, न घेतली काय, तिला सारखंच. समतोल किंमत ठरते ती अशाच काठावरच्या माणसांपाशी. बाकीचे सगळे त्यांच्या जिवावर फायदा खातात.

पाचाऐवजी शेकडो गिऱ्हाइकं आली की जिन्याच्या पायऱ्या इतक्या बारीक होतात की तो उतारासारखा दिसायला लागतो. पुस्तकातली गुळगुळीत तिरकी रेघ ती हीच. समजा पूर्ण फाट्याच्या एका दिवसाची मागणी ३००० रुपयांपासून सुरू होते आणि दर पेटीमागे २० रुपयांनी उतरते. पुरवठा ८०० पासून सुरू होतो आणि दर पेटीमागे २४ रुपयांनी चढतो. ५० पेट्यांवर दोन्ही रेघा २००० ला मिळतात. आता वरच्या त्रिकोणाचा पाया ५० पेट्या आणि उंची ३००० वजा २०००, म्हणजे १००० रुपये. अर्धा गुणिले ५० गुणिले १०००, झाले २५,००० रुपये. खालच्या त्रिकोणाची उंची २००० वजा ८००, म्हणजे १२००. त्याचे झाले ३०,००० रुपये.

क्षेत्रफळाचे रुपये कसे होतात, असं एखादं चौकस पोर विचारतंच. रुंदी पेट्यांत आहे, उंची पेटीमागे रुपयांत आहे. दोन्ही गुणले की पेट्या कटतात आणि रुपये उरतात. जमिनीचं क्षेत्रफळ गुंठ्यांत येतं, तसं या कागदावरचं रुपयांत येतं.

परीक्षेत चूक होते ती बहुतेक वेळा एकाच जागी. मुलं त्रिकोणाची उंची शून्यापासून मोजतात, किंवा मागणीच्या रेघेखालची सगळी जागा आधिक्य म्हणून लिहून मोकळी होतात. ती सगळी जागा आहे १,२५,००० रुपये. गिऱ्हाइकांना त्या पन्नास पेट्यांची मिळून तेवढी किंमत वाटते, हे खरं. पण त्यातले एक लाख त्यांनी खिशातून काढून दिले आहेत. पदरात पडले ते उरलेले पंचवीस हजार. आणि 'अर्धा गुणिले पाया गुणिले उंची' हे सूत्र रेघा सरळ असतील तेवढ्यापुरतंच. मागणी खोलगट वाकलेली असेल तर त्रिकोणाचं सूत्र जागा जास्त दाखवतं. तेव्हा पुन्हा जिन्याकडे यायचं आणि खांब मोजायचे.

ही कल्पना आंब्याच्या फाट्यावर जन्मली नाही, हे खरं. १८४४ साली ज्यूल द्यूपुई नावाच्या फ्रेंच इंजिनिअरला प्रश्न पडला होता की पुलावर टोल गोळा होतो तेवढाच पुलाचा उपयोग म्हणायचा का? त्याचं म्हणणं, नाही. जास्त द्यायला तयार असूनही जो माणूस कमी टोल देऊन पलीकडे गेला, त्याचा फरकही उपयोगातच धरायला हवा. पुढे आल्फ्रेड मार्शलच्या १८९० च्या ग्रंथातून ही कल्पना नावासकट सगळीकडे गेली. किंमत उभ्या रेघेवर मांडायची पद्धतही त्याच्याच मांडणीतून रूढ झाली. गणितवाल्यांना ती उलटी वाटते, पण आता ती काही बदलत नाही.

आता पुन्हा ताडपत्रीखाली या. माझा भाऊ गाडीची नंबर प्लेट पाहून भाव सांगतो. एमएच-०८ दिसली, म्हणजे रत्नागिरीचीच गाडी, की सरळ दोन हजार. एमएच-१२ दिसली की सुरुवात सव्वीसशेपासून. वहिनीला हे पटत नाही. ती म्हणते, "एकदा फसवलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी थांबत नाय." पण भाऊ नकळत करतोय काय, तर वरचा त्रिकोण कुरतडतोय. पुण्याच्या कुटुंबाच्या मनातला आकडा २६०० असेल आणि त्याने तो बरोबर ओळखला, तर त्यांचे सहाशेच्या सहाशे त्याच्या खिशात येतात. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनातलं असं तंतोतंत वाचता आलं तर वरचा त्रिकोण नाहीसाच होईल आणि ५५,००० चे ५५,००० विकणाऱ्यांचे होतील. बेरीज तेवढीच राहील, वाटणी बदलेल. घासाघीस चालते ती या वाटणीसाठी. आणि एकच भाव पाटीवर लिहून ठेवणाऱ्या दुकानात गिऱ्हाइकाला हायसं वाटतं तेही यामुळेच: तिथे त्याच्या मनातला आकडा कोणी उकरून काढत नाही.

आता मेच्या मध्यावर या. ऊन तापलं, सगळ्या बागा एकदम तयार झाल्या, पाऊस यायच्या आत माल काढायची घाई सुरू झाली. मागणीची रेघ होती तीच आहे. पुरवठ्याची रेघ मात्र आडवी पडल्यासारखी झाली: सुरुवात ८०० पासूनच, पण आता ती इतकी हळू चढते की ७५ पेट्यांवर १५०० ला मागणीला भेटते. भाव पाचशेने पडला.

वरचा त्रिकोण आता ७५ पाया आणि १५०० उंचीचा झाला, म्हणजे ५६,२५० रुपये. आधी २५,००० होता. ही ३१,२५० ची वाढ दोन तुकड्यांत फोडून बघा. ज्यांनी दोन हजारांनाही घेतलीच असती अशा पन्नास पेट्यांवर प्रत्येकी पाचशे वाचले. ती आयताकृती जागा, २५,००० ची. उरलेल्या पंचवीस पेट्या नव्या गिऱ्हाइकांच्या, ज्यांना दोन हजार झेपत नव्हते. त्यांचा छोटा त्रिकोण ६,२५० चा. म्हणजे स्वस्ताईचा मोठा वाटा जुन्याच गिऱ्हाइकांना मिळाला. आंबा स्वस्त झाला की गोरगरीब खातात असं आपण म्हणतो, पण या आकड्यांत तरी रुपयांतला मोठा फायदा आधीपासून खाणाऱ्यांनाच झालाय.

आणि बागायतदारांचं काय झालं? गल्ला मोजा: ७५ गुणिले १५००, एक लाख साडेबारा हजार. आधी एक लाख होता, म्हणजे गल्ला वाढला. संध्याकाळी फाट्यावरचे सगळे नोटा मोजताना खुशीत दिसतात. पण खालचा त्रिकोण मोजा: अर्धा गुणिले ७५ गुणिले ७०० म्हणजे २६,२५०. आधी ३०,००० होता. पंचवीस पेट्या जास्त काढल्या, बांधल्या, वाहिल्या, साडेबारा हजार जास्त हाती आले आणि उरले पावणेचार हजार कमी. गल्ला म्हणजे भावाच्या रेघेखालचा पूर्ण आयत. आधिक्य म्हणजे त्यातला पुरवठ्याच्या रेघेवरचा तुकडा. आयत वाढत असताना तुकडा आटू शकतो, आणि नोटा मोजताना ते कळत नाही. आंबा भरपूर आलेल्या वर्षी म्हातारे बागायतदार कपाळाला हात का लावतात, याचं हे एक उत्तर आहे.

माल वाढला की विकणाऱ्याचा तुकडा नेहमी आटतोच असं मात्र नाही. तो किती आटेल हे पुरवठ्याची रेघ कशी सरकते आणि मागणीची रेघ किती उभी आहे यावर आहे. कधी तर दोन्ही त्रिकोण एकदम वाढतात. याच किनाऱ्यावर खाली केरळात रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने तारलीच्या बाजाराचा अभ्यास केला होता. १९९७ ते २००१ दरम्यान तिथे किनाऱ्यालगत मोबाइल सेवा सुरू झाली. त्याआधी एका बंदरावर मासा गिऱ्हाइकाविना समुद्रात फेकला जायचा आणि काही मैलांवरच्या दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या पिशवीने परतायचं. फोन आल्यावर नाखवा समुद्रातूनच भाव विचारून योग्य बंदराला लागायला लागला. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाइकाची किंमत ४ टक्क्यांनी उतरली आणि तारलीतलं उपभोक्त्याचं आधिक्य ६ टक्क्यांनी वाढलं. दोन्ही त्रिकोण एकदम फुगले, कारण फेकला जाणारा मासा खाणाऱ्याच्या ताटात आला. २००७ साली छापून आलेला हा अभ्यास मला आवडतो तो एवढ्यासाठी की हे त्रिकोण फळ्यापुरते नाहीत, बंदरावर उभं राहून मोजता येतात, हे त्यात दिसतं.

पण मोजता येतात म्हणून ते सगळं सांगतात असंही नाही. आमच्या बागेत तोडणीला येणाऱ्या एका बाईंच्या नातवाला हापूस जीव की प्राण. त्यांच्या मनातला पेटीचा आकडा मात्र चारशेच्या वर जात नाही, कारण पर्समध्ये तेवढेच असतात. मागणीच्या रेघेवर त्या अगदी उजवीकडे, खाली कुठेतरी. चाकरमान्याच्या २८०० मध्ये आवडही आहे आणि पगारही आहे, आणि रेघ या दोहोंत फरक करत नाही. त्यामुळे वरच्या त्रिकोणाला 'संतोष' म्हणताना मी जरा अडखळतो. रुपयांत बोलू शकणारा संतोष, एवढंच त्याला म्हणता येईल.

खालच्या त्रिकोणाचीही अशीच एक गोम आहे. वहिनीला एकदा मी हे सगळं वहीवर काढून दाखवलं. तिने तीस हजारांच्या त्रिकोणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग मोहोरावर फवारण्या केल्या त्याचं बिल यात खंय?" बरोबर विचारलं. ते यात नाही. फवारणी, खत, झाडांखालची सफाई, रात्रीची राखण हा खर्च मे उजाडायच्या आधीच होऊन गेलेला असतो. आज एक पेटी विकली काय, पन्नास विकल्या काय, तो बदलत नाही, म्हणून पुरवठ्याच्या रेघेत तो शिरत नाही. नफा हवा असेल तर हंगामभराच्या सगळ्या त्रिकोणांची बेरीज करायची आणि तिच्यातून हे बिल वजा करायचं. फवारणीचं बिल मोठं असेल तर रोजचं आधिक्य भरघोस दिसूनही वर्ष तोट्यात जातं.

रेघ कुठून सुरू करायची हे घड्याळावरही आहे. त्या दिवशी सात वाजले तेव्हा एक पेटी उरली होती. आंबे पूर्ण पिकलेले, उद्यापर्यंत दोन-चार काळे पडले असते. मालवणकडे निघालेली एक गाडी थांबली आणि भावाने ती तेराशेला देऊन टाकली. सकाळी झाडाखाली उभं राहून विचारलं असतं तर तोडणी, पेंढा, टेम्पो धरून बाराशेच्या खाली तो तयार झाला नसता. त्या हिशेबाने आधिक्य शंभर रुपये. पण संध्याकाळी तोडणी आणि टेम्पो होऊन गेलेले. न विकलेला माल कॅनिंगला किलोवर जातो. तीस रुपये किलो धरला आणि पेटीत बारा किलो आंबे धरले तर तीनशे साठ. संध्याकाळच्या हिशेबाने आधिक्य नऊशे चाळीस.

"मग खरं कुठलं?" भावाने ताडपत्री गुंडाळता गुंडाळता विचारलं.

उद्या आंबे तोडायचे की नाही हे ठरवायचं असेल तर शंभर. आत्ता समोरच्या गाडीला द्यायची की नाही हे ठरवायचं असेल तर नऊशे चाळीस. त्याने मान डोलावली, दोन्ही आकडे रिकाम्या पेटीच्या फळीवर खडूने लिहिले आणि पेटी टेम्पोत टाकली.